आठवड्यागणिक कमी-जास्त होणारी मागणी आणि ऑर्डरचा आकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे किंवा होनगा वसाहतीत ज्यांचे छोटे मशीनशॉप आहे आणि ज्यांचे कास्टिंग बाहेरून येते, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका फाउंड्रीकडून १० किलो वजनाचे, १,२०० रुपये किमतीचे कास्टिंग निपाणीमार्गे टेम्पोने येते, बेळगावात त्यावर मशीनिंग होते आणि तयार नग ग्राहकाच्या आठवडी वेळापत्रकाप्रमाणे जातात. उदाहरणातील दर समजण्यापुरते धरले आहेत. आपापले दर घालून हिशेब नव्याने करावा.

लीस्ट पिरियड कॉस्टचा नियम नेमके काय ठरवतो?

टेम्पो बोलावलाच आहे तर त्यात किती आठवड्यांचा माल एकदम आणावा, एवढेच तो ठरवतो. जास्त आठवड्यांचा माल आणला तर एका खेपेचा खर्च अधिक आठवड्यांवर विभागला जातो, पण माल पडून राहतो आणि त्यात पैसा अडकतो. एका खेपेचा एकूण खर्च ती खेप जितके आठवडे पुरते तितक्यांनी भागायचा आणि ही दर आठवड्याची सरासरी जिथे सर्वांत कमी येते तिथे थांबायचे. म्हणून याला लीस्ट पिरियड कॉस्ट, म्हणजे दर कालावधीस किमान खर्चाचा नियम म्हणतात. एडवर्ड सिल्व्हर आणि हार्लन मील यांनी तो १९७३ मध्ये मांडला, त्यामुळे पुस्तकांत तो सिल्व्हर-मील या नावानेही आढळतो.

हिशेबाला कोणते आकडे लागतात?

पुढील काही आठवड्यांची मागणी, एका खेपेचा ठरावीक खर्च आणि एक नग एक आठवडा ठेवण्याचा खर्च, एवढे तीनच आकडे लागतात.

खेपेचा खर्च नग कितीही असले तरी तेवढाच राहतो. आपल्या उदाहरणात टोलसह टेम्पोचे भाडे २,८०० रुपये, हमाली ५०० रुपये आणि माल आल्यावर होणारी तपासणी ३०० रुपये, असे मिळून ३,६०० रुपये होतात. नग ठेवण्याचा खर्च किमतीच्या वर्षाला २६ टक्के धरला आहे. त्यात बँकेच्या कॅश क्रेडिटचे व्याज, गंज, जागा, विमा आणि ड्रॉइंग बदलल्यास माल वाया जाण्याचा धोका हे सारे आले. १,२०० रुपयांचे २६ टक्के म्हणजे वर्षाला ३१२ रुपये; ५२ आठवड्यांनी भागल्यावर नगामागे आठवड्याला ६ रुपये पडतात. जीएसटीची रक्कम किमतीत धरलेली नाही, कारण तिचे क्रेडिट परत मिळते.

आठ आठवड्यांची मागणी अनुक्रमे १००, ४०, ६०, १८०, ३०, २०, ५० आणि १६० नग अशी आहे. एकूण ६४० नग. ज्या आठवड्यात माल आला त्याच आठवड्यात वापरलेल्या नगावर ठेवण्याचा खर्च लावायचा नाही, असा संकेत येथे पाळला आहे.

पहिल्या खेपेचा हिशेब टप्प्याटप्प्याने कसा होतो?

फक्त पहिल्या आठवड्यापुरते १०० नग आणले तर खर्च ३,६०० रुपये आणि सरासरीही ३,६०० रुपये. दुसऱ्या आठवड्याचे ४० नग त्याच टेम्पोत घातले तर ते एक आठवडा पडून राहतील, त्याचे २४० रुपये वाढतील. एकूण ३,८४० रुपये दोन आठवड्यांत विभागले की सरासरी १,९२० रुपयांवर येते. तिसऱ्या आठवड्याचे ६० नग दोन आठवडे थांबतील, त्याचे ७२० रुपये. एकूण ४,५६० रुपये आणि सरासरी १,५२० रुपये. चौथ्या आठवड्याचे १८० नग मात्र तीन आठवडे थांबतील आणि त्याचे ३,२४० रुपये होतील. एकूण ७,८०० रुपये चार आठवड्यांत विभागले तर सरासरी १,९५० रुपयांवर जाते. ती वाढली, म्हणून तिसऱ्या आठवड्यावर थांबायचे आणि पहिल्या खेपेत २०० नग आणायचे.

चौथ्या आठवड्यापासून हाच हिशेब पुन्हा सुरू होतो:

| आठवडा | मागणी | वाढणारा खर्च (रु.) | एकूण (रु.) | सरासरी (रु.) |
|---|---|---|---|---|
| ४ | १८० | ३,६०० | ३,६०० | ३,६०० |
| ५ | ३० | १८० | ३,७८० | १,८९० |
| ६ | २० | २४० | ४,०२० | १,३४० |
| ७ | ५० | ९०० | ४,९२० | १,२३० |
| ८ | १६० | ३,८४० | ८,७६० | १,७५२ |

सातव्या आठवड्यापर्यंत सरासरी उतरत जाते आणि आठव्याला चढते. म्हणून दुसरी खेप २८० नगांची आणि तिसरी आठव्या आठवड्यासाठी १६० नगांची.

येथे "चौथ्या आठवड्यात खेप" याचा अर्थ माल चौथ्या आठवड्यात पोचला पाहिजे, असा आहे. फाउंड्रीला ढलाई आणि फेटलिंगसाठी दोन आठवडे लागत असतील, तर ऑर्डर दुसऱ्या आठवड्यातच द्यावी लागते.

दर वेळी भागाकार न करता कधी थांबायचे हे कळते का?

कळते, आणि हीच पद्धत आम्हाला अधिक सोयीची वाटते. पुढचा आठवडा जोडल्याने वाढणारा खर्च आतापर्यंतच्या सरासरीपेक्षा कमी असेल तर तो आठवडा जोडावा, जास्त असेल तर थांबावे. वरच्या पहिल्या खेपेत तिसऱ्या आठवड्याला सरासरी १,५२० रुपये होती आणि चौथा आठवडा ३,२४० रुपये मागत होता, तेव्हा निर्णय तिथेच झाला. कोणत्याही गटाच्या सरासरीत तिच्याहून मोठा आकडा मिसळला तर ती वर जाते. यामागे याहून वेगळे गणित नाही.

दर आठवड्याला मागवण्याच्या तुलनेत फरक किती पडतो?

दर आठवड्याला जेवढे हवे तेवढेच मागवले तर आठ खेपा होतात, माल पडून राहत नाही आणि खर्च २८,८०० रुपये येतो. नियमाप्रमाणे तीन खेपांचे १०,८०० रुपये आणि माल ठेवण्याचे २,२८० रुपये मिळून १३,०८० रुपये होतात. आठ आठवड्यांत १५,७२० रुपये वाचतात.

ही बचत नेमकी कुठून आली हे पाहण्यासारखे आहे. पाचव्या आणि सहाव्या आठवड्याचे मिळून केवळ ५० नग आहेत, आणि आठवडी पद्धतीत ते आणायला दोन टेम्पो, म्हणजे ७,२०० रुपये लागतात. तेच नग चौथ्या आठवड्याच्या टेम्पोत घातले तर ४२० रुपयांत काम होते. मागणी लहान असलेल्या आठवड्यांत आठवडी ऑर्डर महाग पडते. मोठ्या आठवड्यांबाबत दोन्ही पद्धती एकच सांगतात: चौथ्या आणि आठव्या आठवड्याला स्वतंत्र खेप हवी.

कागदपत्रांच्या बाबतीतही छोट्या खेपेला सवलत नाही. माल महाराष्ट्रातून कर्नाटकात येतो, त्यामुळे ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते आणि त्या मूल्यात कर धरलेला असतो. ४० नगांची खेपसुद्धा करासह त्या मर्यादेपलीकडे जाते.

सरासरी मागणी काढून ऑर्डरचा एकच ठरावीक आकार देणारे नेहमीचे ईओक्यू सूत्र का वापरू नये?

मागणी साधारण सारखी असेल तर जरूर वापरावे. आपल्या उदाहरणात सरासरी मागणी आठवड्याला ८० नग आहे आणि त्या सूत्राने ऑर्डर सुमारे ३१० नगांची येते. आता पाहा काय होते ते. पहिल्या तीन आठवड्यांत २०० नग वापरले जातात आणि ११० उरतात, पण चौथ्या आठवड्याला १८० हवे असतात. म्हणजे ते ११० नग तीन आठवडे सांभाळण्यावर १,९८० रुपये खर्च करूनही चौथ्या आठवड्याला टेम्पो बोलवावाच लागतो. लीस्ट पिरियड कॉस्टचा नियम नेहमी पूर्ण आठवड्यांचाच माल आणतो, त्यामुळे असे अर्धवट उरलेले नग त्यात राहत नाहीत.

खेपेच्या खर्चात खरेदी विभागाचा पगार धरावा का?

धरू नये, जोपर्यंत खेपा कमी केल्याने तो पगार खरोखर कमी होत नाही. एक खेप रद्द केली तर कोणता पैसा खिशात राहील, एवढाच प्रश्न विचारावा. टेम्पोचे भाडे राहील, हमाली राहील. खरेदी बघणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार तेवढाच द्यावा लागेल.

या प्रश्नाची दुसरी बाजू अनेकदा सुटते. त्याच फाउंड्रीतून दुसऱ्या एखाद्या कास्टिंगसाठी टेम्पो दर आठवड्याला येतच असेल आणि त्यात जागा असेल, तर आपल्या नगाच्या वाट्याला भाडे येतच नाही. खेपेचा खर्च उरतो हमाली आणि तपासणीचा, ८०० रुपये. त्या आकड्याने नियम पुन्हा लावला तर पाच खेपा होतात: पहिल्या दोन आठवड्यांची, तिसऱ्याची, चौथ्या ते सहाव्याची, सातव्याची आणि आठव्याची. त्यांचा खर्च ४,६६० रुपये, तर दर आठवड्याला मागवण्याचा ६,४०० रुपये. फरक १५,७२० वरून १,७४० रुपयांवर आला. एवढ्या फरकासाठी कोणी आठवडी पद्धत सोडली नाही, तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

फाउंड्री ३० दिवसांची उधारी देते. मग माल ठेवण्याचे व्याज आम्ही का धरावे?

हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, पण तो टिकत नाही. उधारी बिलाच्या तारखेपासून मोजली जात असेल तर दर आठवड्याला मागवले तरी प्रत्येक बिलाला तेच ३० दिवस मिळतात. तिसऱ्या आठवड्याचे ६० नग पहिल्या आठवड्यात आणले की त्यांचे पैसेही दोन आठवडे आधी द्यावे लागतात. त्या दोन आठवड्यांचे व्याज उधारीमुळे बदलत नाही.

महिनाभराची सगळी बिले एकाच ठरलेल्या तारखेला चुकती करायची असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा एकाच महिन्यात माल दोन आठवडे आधी आणला तरी पैसे त्याच दिवशी जातात, आणि नगामागच्या ६ रुपयांतला व्याजाचा भाग त्या महिन्यापुरता गळतो. मग खेपा आणखी मोठ्या होतात.

दर आठवड्याला मागवणे योग्य ठरते तरी कधी?

नुसत्या खर्चाच्या बाजूने पाहिले तर, पुढच्या आठवड्याचा माल एक आठवडा ठेवण्याचा खर्च एका खेपेच्या खर्चाहून अधिक असतो तेव्हा. ३,६०० रुपयांना ६ रुपयांनी भागले की ६०० येतात. म्हणजे पुढच्या आठवड्याची मागणी ६०० नगांच्या वर असेल तर ती आज आणू नये. सगळे आठवडे असे मोठे असतील तर हा नियम स्वतःच दर आठवड्याची ऑर्डर सुचवतो. तो आठवडी पद्धतीच्या विरोधात नाही, ती जिथे परवडते तिथे तिलाच उचलतो.

सूत्रात न मावणारे कारण गुणवत्तेचे आहे. कास्टिंगमधले ब्लो होल बाहेरून दिसत नाहीत. बोअर फिरवल्यावर किंवा लीक टेस्टला नग लावल्यावर उघड होतात. एका खेपेत २८० नग आले आणि दोष साच्याच्या वाळूत किंवा कोअरमध्ये असेल, तर तो संपूर्ण खेपेत असू शकतो. शिवाय चार आठवड्यांचे नग त्यात असल्याने तो सगळा वेळ हाताशी दुसरा माल नसतो. नवे पॅटर्न नुकतेच सुरू झाले असेल, नाकारलेल्या नगांचे प्रमाण अजून स्थिरावले नसेल किंवा ड्रॉइंगची नवी आवृत्ती येण्याची चर्चा असेल, तर काही काळ छोट्या खेपा आणणे शहाणपणाचे आहे आणि त्यासाठीचे जादा भाडे जाणूनबुजून सोसावे.

हा नियम सर्वांत स्वस्त वेळापत्रक देतोच का?

नेहमी देत नाही. आपल्या उदाहरणात दिले आहे, पण त्यावरून सर्वत्र तसेच होईल असे समजू नये. सर्वांत स्वस्त वेळापत्रक शोधण्याची रीत वॅग्नर आणि व्हिटिन यांनी १९५८ मध्ये दिली. ती सर्व आठवडे एकत्र पाहते, तर हा नियम सरासरी पहिल्यांदा चढली की तिथेच थांबतो आणि त्यापुढे डोकावत नाही.

नियम फसतो तो विशेषतः मोठ्या मागणीनंतर रिकामे आठवडे येतात तेव्हा. समजा ग्राहकाच्या कारखान्याला गणपतीची सुट्टी आणि मेंटेनन्स लागून आले, आणि पाचव्या व सहाव्या आठवड्याची मागणी शून्य झाली. नियम पहिल्या खेपेला पूर्वीप्रमाणेच तिसऱ्या आठवड्यावर थांबतो, दुसऱ्या खेपेत चौथ्या ते सातव्याचा माल आणतो आणि आठव्याला तिसरी खेप लावतो. खर्च १२,६६० रुपये. पण पहिल्या खेपेतच सहाव्या आठवड्यापर्यंतचा माल घेतला आणि सातव्या-आठव्याची एक खेप केली, तर १२,३६० रुपयांत भागते. नियमाला हे दिसले नाही, कारण चौथ्या आठवड्याला १,९५० वर चढलेली सरासरी पुढच्या दोन रिकाम्या आठवड्यांत १,३०० पर्यंत उतरणार होती आणि तो तिथवर पोचलाच नाही.

उपाय सोपा आहे: मागणी शून्य असलेले आठवडे समोर दिसत असतील तर सरासरी पहिल्यांदा चढल्यावर लगेच न थांबता ते आठवडे संपेपर्यंत हिशेब पुढे नेऊन पाहावा. मात्र या उदाहरणातली ती स्वस्त पहिली खेप ३८० नगांची, म्हणजे ३.८ टनांची होते. टेम्पोची क्षमता ३ टन असेल तर ३०० रुपयांची ती बचत कागदावरच राहते.

मागणीचा अंदाज मध्येच बदलला तर?

निघालेल्या टेम्पोला हात लावता येत नाही. पुढची खेप ठरवण्याच्या वेळी नव्या आकड्यांनी हिशेब पुन्हा करावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या नियमात दूरच्या आठवड्यातला बदल आजच्या खेपेचा आकार झटकन बदलू शकतो. पहिली ऑर्डर देण्यापूर्वी ग्राहकाने फोन करून चौथ्या आठवड्याचे १८० नग ६० वर आणले असे समजा. आता चौथा आठवडा १,०८० रुपये मागतो, जे १,५२० पेक्षा कमी आहे, म्हणून तो जोडला जातो. मागोमाग पाचवा आणि सहावाही जोडला जातो आणि सातव्याला हिशेब थांबतो. पहिली खेप २०० वरून ३१० नगांवर जाते. मागणी कमी झाली आणि ऑर्डर वाढली, हे पाहून फाउंड्रीवाल्याने कपाळाला हात लावला तर नवल नाही.

शिवाय ३१० नग ३ टनांच्या टेम्पोत बसत नाहीत. अशा वेळी सहाव्या आठवड्याचे निम्मे नग न भरता पाचव्या आठवड्यावर, २९० नगांवर थांबावे. सहाव्या आठवड्याला खेप करावीच लागणार असेल तर त्याचे दहा नग आधीपासून सांभाळून काही साधत नाही.

ऑर्डर अशी वारंवार उलटसुलट होऊ नये म्हणून फाउंड्रीशी बोलून ढलाईच्या वेळेएवढे, म्हणजे येथे दोन आठवड्यांचे आकडे पक्के धरावेत आणि त्यात फेरफार करू नये.

पुरात रस्ता बंद पडला तर या नियमात त्याची सोय आहे का?

नाही. नियम मागणी निश्चित आणि खेप वेळेवर येणारी असेच धरून चालतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक खरेदीदाराला ठाऊक आहे. त्यासाठीचा राखीव साठा वेगळा ठरवावा आणि वरच्या हिशेबात मिसळू नये. तो दोन्ही पद्धतींत सारखाच ठेवला तर तुलनेत फरक पडत नाही. पावसाळ्यापुरता तो वाढवायचा असेल तर जूनच्या सुरुवातीला एकदाच त्या आठवड्याच्या मागणीत तेवढे नग मिळवावेत, म्हणजे पुढचा हिशेब नेहमीसारखा चालतो.

दोन राज्यांच्या सुट्ट्याही वेगळ्या पडतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी इकडे असते, तिकडे नसते. गाडी उतरवायला माणसे नाहीत असा दिवस खेपेच्या आठवड्यात येत असेल तर तारीख आधीच सरकवून घ्यावी.

स्प्रेडशीटमध्ये हे कसे बसवावे?

A स्तंभात आठवडा आणि B मध्ये मागणी लिहावी. H1 मध्ये खेपेचा खर्च आणि H2 मध्ये नगामागचा आठवडी खर्च ठेवावा. C मध्ये माल किती आठवडे थांबतो, D मध्ये खेपेचा एकूण खर्च आणि E मध्ये सरासरी येते. पहिला आठवडा दुसऱ्या ओळीत असेल तर C2 मध्ये 0, D2 आणि E2 मध्ये `=H1` लिहावे. तिसऱ्या ओळीत पुढील सूत्रे लिहून खाली ओढावीत:

```
C3: =IF(B3*$H$2*(C2+1)>E2, 0, C2+1)
D3: =IF(C3=0, $H$1, D2+B3*$H$2*C3)
E3: =D3/(C3+1)
```

C स्तंभात जिथे 0 येतो त्या आठवड्यात नवी खेप. वरच्या उदाहरणात तो पहिल्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यासमोर दिसला पाहिजे. दिसला नाही तर बहुधा `$` चिन्ह लिहायचे राहून गेलेले असते.

आठव्या आठवड्याची १६० नगांची खेप तशीच पाठवावी का?

पाठवू नये. तो आकडा १६० आला, कारण तक्ता तिथे संपला. नवव्या आणि दहाव्या आठवड्याची मागणी कळल्यावर ही खेप बहुतेक वाढेल. ढलाईला दोन आठवडे लागतात, म्हणजे ही ऑर्डर सहाव्या आठवड्यात द्यायची आहे; तोपर्यंत ग्राहकाकडून पुढच्या किमान चार आठवड्यांचे वेळापत्रक मागवून घ्यावे आणि आठव्या आठवड्यापासून हिशेब नव्याने सुरू करावा.